शुक्रवारची सेकंड

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी सायली कोरेकरच्या मोबाइलवर इंद्रजीत दिवेकरचा मेसेज आला. फर्स्ट शिफ्ट संपवून ती डेअरीच्या पार्किंगमध्ये स्कूटर काढत होती. इंद्रजीत तेव्हा वरच्या लॅबमध्ये सेकंडचा चार्ज घेऊन बसला होता. दहा मिनिटांपूर्वीच दोघं समोरासमोर उभे राहून टाक्यांचे आकडे बोलले होते. तेव्हा त्यानं या विषयाचा एक शब्दही काढला नव्हता.

मेसेज असा होता :

‘नमस्कार सायली मॅडम. एक रिक्वेस्ट होती. शुक्रवारी १३ तारखेला माझी सेकंड आहे. घरच्या कामामुळं मला संध्याकाळ मोकळी हवी आहे. त्या दिवशी तुमची फर्स्ट मी करतो, माझी सेकंड तुम्ही कराल का? बदल्यात पुढच्या गुरुवारचा, १९ तारखेचा, माझा वीकली ऑफ तुम्ही घ्या. तुमचा रविवारचा, २२ चा, मी घेतो. पुढच्या आठवड्यात मी पण फर्स्टलाच आहे, त्यामुळं अडचण येणार नाही. अनुपमा मॅडमशी बोललोय, त्यांनी ओके दिलंय. तुमचा होकार आला की त्या ग्रुपवर टाकतील. रात्री घरी सोडायच्या गाडीचं ट्रान्सपोर्टला मी सांगतो.’

सायलीनं तो उभ्याउभ्या वाचला आणि तिचं लक्ष एकाच ओळीवर गेलं. गुरुवार, १९. त्या दिवशी पाबळला तिच्या भावाचा साखरपुडा होता. नोकरीला वर्ष भरायला आलेलं, महिनाअखेरीला कायम होण्याची ऑर्डर निघायची, अशा वेळी रजा मागायची तिची छाती होत नव्हती. माहेरी तिनं ‘संध्याकाळी पोचते’ एवढंच सांगून ठेवलं होतं. आता आख्खा दिवस आयताच समोर आला होता. तिनं ‘चालेल’ लिहिलं, अंगठा टाकला आणि स्कूटर चालू केली.

पारगावच्या पुलावर पोचेपर्यंत ती भावाच्या सासरच्या लोकांना काय द्यायचं याचाच विचार करत होती. पुलावर उसाचा ट्रॅक्टर आडवा येत होता म्हणून थांबली. पलीकडून दुधाचा एक छोटा टँकर आला आणि तिच्या शेजारून पुढं गेला. टँकरचा ड्रायव्हर माऊली यानं काचेतून हात केला. न्हावऱ्याची गाडी. तिच्या सासऱ्यांची गाडी. रोज चारच्या सुमारास डेअरीच्या वजनकाट्यावर उभी राहणारी गाडी.

सायलीचा हात ब्रेकवरच राहिला. मागच्याचा हॉर्न वाजला तेव्हा ती हलली.

न्हावऱ्याचं दूध संकलन केंद्र तिचे सासरे मारुतराव कोरेकर चालवत. गावातलं सकाळ-संध्याकाळचं दूध तिथल्या कूलरमध्ये थंड व्हायचं आणि दुपारी टँकरनं चौफुल्याजवळच्या या डेअरीत यायचं. लॅबमधल्या केमिस्टनं तपासून हो म्हटल्याशिवाय टँकरचा एक थेंब आत उतरत नसे. सायली नोकरीला लागली तेव्हा लॅबचे मॅनेजर सावळाराम बारवकर होते. त्यांनी तिला पहिल्याच दिवशी केबिनमध्ये बसवून विचारलं होतं, “मारुतरावांची सून ना तू? मग एक ध्यानात ठेव. घरच्या दुधाला तुझा हात लागायचा नाही. पास केलं तरी लोक बोलणार, नापास केलं तरी तुझ्या घरात बोलणार. तुला कायमची फर्स्ट देतो. दोनला घरी. कुणी विचारलं तर लांबून येते, बाई माणूस आहे म्हणून सांगू. हे तुझ्यामाझ्यात.”

त्यांच्या हिशेबी ती सोय होती आणि सोय म्हणूनच ती चालली. सावळाराम दिवाळीनंतर रिटायर झाले. त्यांच्या जागी पुण्याहून अनुपमा रणसिंग आल्या. बोलायला नीट, कामाला कडक. त्यांना सायली कायम फर्स्टला का, हे कुणी सांगितलं नव्हतं. सायलीनंही सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हणजे ‘माझ्या घरचं दूध इथं येतं’ हे इतक्या महिन्यांनी सांगायचं, आणि मग पहिला प्रश्न येणार, इतके दिवस का गप्प होतात?

घरी पोचून तिनं ग्रुप उघडला. अनुपमा मॅडमचा मेसेज आलेला होता : ‘शुक्रवार फर्स्ट इंद्रजीत, सेकंड सायली. गुरुवार १९ ऑफ सायली, रविवार २२ ऑफ इंद्रजीत. मंजूर. टाइम ऑफिसला कळवलं आहे.’ खाली इंद्रजीतचे हात जोडलेले.

म्हणजे परवानगी खरी होती. मॅडमचं नाव पुढं करून इंद्रजीत थाप मारत असेल, ही एक शंका तिच्या मनात डोकावली होती, ती गेली. पण तिच्या जागी दुसरी आली. मेसेजपासून रोस्टर बदलेपर्यंत पुरता अर्धा तासही गेला नव्हता. एरवी एका ऑफच्या अदलाबदलीला दोन दिवस मागं लागावं लागे.

तिनं इंद्रजीतला फोन लावला.

“बोला मॅडम.”

“इंद्रजीत, शुक्रवारचं जरा बघता येईल का? शितल करेल का सेकंड?”

“शितल नाइटला हाय ना. ती कशी करणार?” इंद्रजीत म्हणाला. मागं लॅबमधल्या सेंट्रिफ्यूज यंत्राची घरघर ऐकू येत होती. “आन् आता मॅडमनी सिस्टीमला टाकलंय. तुम्ही फर्स्टला आलात तर पंच बसेल पण हजेरी बसणार न्हाई. मी सेकंडला आलो तर माझी पण तीच गत.”

“तसं नाही. घरी जरा…”

“का, सेकंडला काही अडचण हाय का?”

प्रश्न साधा होता. पण विचारून झाल्यावर तो गप्प बसला. एरवी इंद्रजीत दोन वाक्यांत गप्प बसणारा माणूस नव्हता.

“अडचण काही नाही,” सायली म्हणाली.

“मग करा की. एका दिवसाचा तर प्रश्न हाय. संध्याकाळच्या गाड्या निवांत असत्यात, तुमची फर्स्ट म्हंजी नुसती जत्रा.”

“तुम्ही मात्र गुरुवारी रात्री दहाला सुटणार आणि शुक्रवारी सहाला परत येणार. झोपणार कधी?”

“झोपेचं काय घेऊन बसलाय,” तो हसला. “काम हाय म्हणून तर.”

“कसलं काम?”

“हाय एक घरचं.” आणि फोन ठेवला.

सायलीनं मोबाइल ओट्यावर पालथा घातला. इंद्रजीत वरवंडचा. त्याच्या मामाचं वरवंडजवळ असंच एक केंद्र होतं आणि त्या केंद्राचं दूध घ्यावं म्हणून तो सावळारामांच्या मागं लागलेला तिनं पाहिला होता. न्हावऱ्याची गाडी बंद झाली तर त्या वेळेला काटा मोकळा होणार होता आणि मामाच्या गाडीला जागा मिळणार होती. हे आजवर तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आज आलं आणि जाईना.

रात्रीच्या भाकरी करताना सासूबाई सिंधूबाई तिच्याजवळ पीठ मळत बसल्या होत्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता त्या म्हणाल्या, “शुक्रवारी दुपारनं जायचीयस ना तू? मग सकाळी तेवढी मिरची कांडपाला टाकून ये.”

सायलीच्या हातातली भाकरी तव्यावर वाकडी पडली.

“तुम्हाला कुणी सांगितलं, आई?”

“काय?”

“मी शुक्रवारी दुपारी जाणार हे.”

“तुझ्या सासऱ्यानं.”

“कधी?”

“सकाळी. न्हाईतर काल. मला काय तारीख वार ध्यानात ऱ्हातंय व्हय? तवा कर कमी, करपतीय.”

मेसेज आला तो आज दुपारी दोननंतर. सायलीनं तो घरात अजून कुणालाच सांगितला नव्हता. नवऱ्यालाही नाही. सत्यजीत रांजणगावच्या कंपनीत कामाला होता आणि तो अजून घरी यायचा होता.

जेवणं झाल्यावर सत्यजीतला तिनं अंगणात गाठलं.

“आप्पांना माझी शिफ्ट बदललेली आधीच कशी माहीत?”

“बदललीय? कधी?” तो म्हणाला, आणि सगळं ऐकून झाल्यावर हसला. “तू पण ना. आईला काल आन् आज एकच असतं. माऊली बोलला असंल. तो गाडी घेऊन तिथंच तर असतो चारला. इंद्रजीतनं त्याला सांगितलं, त्यानं आप्पांना.”

“आई सकाळी म्हणाल्या.”

“आईला दुपार झोपून उठली की सकाळ वाटती.”

हे खरं होतं. सिंधूबाई दुपारचा चहा घेताना सकाळ झाली असं समजून देवाला पाणी घालायला निघाल्याचं घरात सगळ्यांनी पाहिलं होतं. पण सायलीचं समाधान झालं नाही.

“आणि समजा आप्पांनीच इंद्रजीतला सांगून हे करवलं असलं तर?”

सत्यजीतचं हसू गेलं. “कशासाठी?”

“मला काय माहीत.”

“माहीत न्हाई तर मग बोलू नको,” तो म्हणाला आणि गोठ्याकडं गेला.

गुरुवारी दुपारी ती फर्स्ट करून परत आली तेव्हा केंद्रासमोर शिरूरच्या मेकॅनिकची मोटारसायकल उभी होती. कूलरच्या मागचं झाकण उघडं होतं आणि मारुतराव त्याच्याजवळ हात मागं बांधून उभे होते.

“काय झालं, आप्पा?”

“काही न्हाई. कॉम्प्रेसर कुरकुरतोय जरा.”

“कधीपासून?”

“झालं दोन दिस,” मेकॅनिक आतूनच म्हणाला. “मंगळवारीच म्हणलो होतो आप्पांना, दूध दुसरीकडं लावा. गॅस गळतोय. रात्रीचं दूध थंडच होत न्हाई पुरतं.”

मारुतरावांनी त्याच्याकडं पाहिलं तसा तो गप्प झाला.

सायली तिथंच उभी राहिली. ऊन चढलं होतं, मार्चचं ऊन. नीट थंड न झालेलं दूध दुपारपर्यंत आंबट व्हायला लागतं. आणि आंबटपणा झाकायला काय टाकतात हे तिला शिकवावं लागत नव्हतं. चमचाभर सोडा. वासात कळत नाही, चवीत नीट कळत नाही. लॅबमध्ये एक रसायन दोन-चार थेंब टाकलं की कळतं. सोडा असलेलं दूध लालसर गुलाबी होतं, चांगलं दूध तपकिरी-पिवळं राहतं. ही तपासणी रोज प्रत्येक गाडीची करायची असते. पण घाई असली, माणूस ओळखीचा असला, तर ती राहूनही जाते.

मंगळवारी कॉम्प्रेसर बिघडला. बुधवारी मेसेज आला. शुक्रवारी सेकंडला लॅबमध्ये ती एकटी.

“आप्पा,” ती म्हणाली, “शुक्रवारी माझी सेकंड आहे.”

“व्हय, माऊली म्हणला.”

“कधी म्हणाला?”

“काल आला तवा. संध्याकाळी.” मारुतरावांनी टोपी काढून कपाळ पुसलं. “का गं?”

“आई म्हणाल्या, तुम्ही सकाळीच बोललात.”

“तिचं काय ऐकतीस,” मारुतराव म्हणाले. मग जरा थांबून, “आन् सकाळी बोललो असलो तर काय बिघडलं? घरातलं माणूस कवा जाणार, कवा येणार, घरात ठाऊक नसावं व्हय?”

“मला ठाऊक नव्हतं ना तेव्हा. मेसेज दुपारी आला.”

मारुतराव तिच्याकडं बघत राहिले. रागावले नव्हते. मोजत होते.

“सूनबाई,” ते म्हणाले, “ही डेअरी न्हवती तवापासनं मी दूध घालतोय. आजवर माझी गाडी परत आली न्हाई. तुझ्यावाचून आली न्हाई. तुझ्यामुळं यायला नको, एवढंच.”

हे वाक्य कसं घ्यायचं हे सायलीला त्या दिवशी कळलं नाही.

शुक्रवारी दोनला ती लॅबमध्ये शिरली तेव्हा इंद्रजीत हात धुऊन निघायच्या तयारीत होता. डोळे तांबारले होते.

“घ्या मॅडम चार्ज. चार नंबर टाकीचं दूध मोठ्या सायलोत गेलंय. तपासणीचे रीएजंट सगळे भरून ठेवलेत, काही शोधायला नको.”

“सगळे?”

“सगळे. सोड्याचं पण ताजं केलंय.”

तिनं वर पाहिलं. तो बॅगेची चेन लावत होता.

“इंद्रजीत, खरं सांगा. आप्पा तुमच्याशी बोलले होते का?”

“कोण आप्पा?”

“माझे सासरे.”

तो हसला, पण हसू अर्ध्यावर राहिलं. “म्हंजी आता सगळ्यांना ठाऊक असलेलं बोलायचं का आपण?”

“काय ठाऊक आहे?”

“मॅडम, न्हावऱ्याची गाडी कुणाची ते काट्यावरच्या वॉचमनला पण ठाऊक हाय. फक्त पुण्यावरनं आलेल्या बाईला न्हाई.” त्यानं बॅग खांद्याला लावली. “आन् तुमचे सासरे माझ्याशी बोलले का? मी त्यांच्याशी बोललो का? कुणी का बोलंना. मी मेसेज केला, तुम्ही चालेल म्हणलात, मॅडमनी मंजूर केलं. आता यात माझं काय?”

“म्हणजे बोलणं झालं.”

“मी असं म्हणलो का?” तो दारातून म्हणाला. “बघा हां, लावू नका माझ्या तोंडी.” जिन्यावर त्याचे बूट वाजले आणि मग खाली मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

अनुपमा मॅडम त्या दिवशी पुण्याच्या ऑफिसला मीटिंगसाठी गेल्या होत्या. इंद्रजीतनं भरून ठेवलेल्या रसायनांनी सायलीनं दोन गाड्या तपासल्या, दोन्ही केडगावकडच्या, दोन्ही स्वच्छ. चार वाजता ती खिडकीत उभी राहिली. सव्वाचारच्या सुमारास न्हावऱ्याचा टँकर काट्यावर चढला. माऊलीनं दार उघडून उडी मारली आणि वर बघून आवाज दिला, “वहिनी, या खाली. आज घरचाच कारभार हाय म्हणं!”

काट्यावरचे दोघं हसले.

सायली खाली गेली. टँकरच्या झाकणाचं सील जागच्या जागी होतं. ते तिच्या हातानं तोडायचं, दांड्यानं दूध ढवळायचं, नमुना काढायचा आणि वर न्यायचा, एवढंच काम. तिनं सील बघितलं, पण कात्रीला हात लावला नाही.

“माऊली, तुम्ही बुधवारी आप्पांना माझ्या शिफ्टचं सांगितलं?”

“मी?” माऊली म्हणाला. “मी काय सांगणार? आप्पांनीच मला सांगितलं. म्हणले, शुक्रवारी सूनबाई हाय, गाडी वेळेवर लाव.”

“कधी म्हणाले?”

“बुधवारीच. गाडी भरताना.”

गाडी भरायची वेळ म्हणजे दुपारची एक. मेसेजच्या आधी.

“नक्की बुधवारी?”

“म्हंजी बुधवारी न्हाईतर…” माऊलीनं डोकं खाजवलं. त्याला आपण काहीतरी नको ते बोललो हे कळलं होतं. “ध्यानात न्हाई बगा वहिनी. रोज तीच गाडी, तोच रस्ता. मला नका मधी घेऊ.”

सायली काट्याच्या सावलीत सरकली आणि तिनं अनुपमा मॅडमना फोन केला.

“मॅडम, न्हावऱ्याची गाडी आलीय. ती मी तपासू शकत नाही.”

“का? काय प्रॉब्लेम आहे?”

“ते केंद्र माझ्या सासऱ्यांचं आहे.”

पलीकडे गाड्यांचा आवाज येत होता. अनुपमा मॅडम रस्त्यात होत्या.

“पुन्हा सांगा.”

सायलीनं सांगितलं. सावळारामांनी काय ठरवलं होतं, कायम फर्स्ट का होती, सगळं. एका दमात, मध्ये थांबली असती तर पुढचं आलं नसतं.

“मग ‘चालेल’ का लिहिलंत?” अनुपमा मॅडमनी विचारलं.

“गुरुवारी भावाचा साखरपुडा आहे. मला फक्त गुरुवार दिसला.”

“इंद्रजीतनं मला सांगितलं की ही अदलाबदल तुम्हालाच हवी आहे. साखरपुड्यासाठी. तुम्हाला विचारायला संकोच वाटतो म्हणून तो विचारतोय, असं म्हणाला. म्हणून मी लगेच हो म्हटलं.”

साखरपुड्याचं सायली लॅबमध्ये कुणाशीही बोलली नव्हती. माहेरचं आमंत्रण घरी आलं होतं, ते मारुतरावांच्या हातात दिलं होतं.

“मी त्याला काही सांगितलं नव्हतं, मॅडम.”

“आता ते राहू द्या. गाडी उतरवू नका. सील तोडू नका. मी यवतच्या पुढं आहे, येते.”

तेवढ्या वेळात मारुतरावांचे तीन फोन आले. पहिले दोन सायलीनं घेतले नाहीत. तिसरा घेतला.

“गाडी उभी का हाय?” मारुतरावांनी विचारलं.

“मॅडम येऊन तपासणार आहेत.”

“तू हायस ना तिथं?”

“मी घरचं दूध तपासत नाही, आप्पा.”

“कुणी सांगितलं तपासू नको म्हणून? बारवकर रिटायर झाला. आता तुझ्या मॅडमनंच तुला बसवलंय. तिची परवानगी हाय.”

“परवानगी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

फोन कट झाला. रेंज गेली की त्यांनी ठेवला, हे कळायला मार्ग नव्हता. दोन्ही शक्य होतं. न्हावऱ्यात रेंज जाते.

अनुपमा मॅडम आल्या त्या सरळ काट्यावर. ओढणी कमरेला खोचून त्यांनी स्वतः सील तोडलं, स्वतः दूध ढवळलं, नमुना घेतला आणि वर गेल्या. सायली त्यांच्या मागं दारापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. तापमान जास्त होतं, पण परत पाठवण्याइतकं नाही. उकळून बघितलं, फाटलं नाही. फॅट बरोबर होतं. मग सोड्याची तपासणी. मॅडमनी परीक्षानळी उजेडाकडं धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

“सायली, इकडं या. तुम्हाला कोणता रंग दिसतो?”

“मी बघत नाही, मॅडम.”

“मी विचारतेय म्हणून बघा.”

“तरी नाही.”

अनुपमा मॅडमनी नळी खाली ठेवली. त्याच जुन्या बाटलीतून पुन्हा एक नळी केली. मग तिसरी, शेजारच्या नव्या भरलेल्या बाटलीतलं रसायन वापरून. त्या तिसऱ्या नळीकडं बघत म्हणाल्या, “आधीच्या दोन गुलाबी वाटतात. ही तशी वाटत नाही. ही नवी बाटली इंद्रजीतनं आज भरली का?”

“सगळं ताजं करून ठेवलंय म्हणाला.”

“दूध तेच, माणूस तोच, बाटली वेगळी,” मॅडम स्वतःशीच म्हणाल्या. “म्हणजे एकतर दुधात आहे, नाहीतर बाटलीत.”

त्यांनी इंद्रजीतला फोन लावला. बंद होता. पुन्हा लावला. बंद. मग त्यांनी नमुन्याच्या दोन बाटल्या भरल्या, दोन्हींना सील केलं, सहीसाठी माऊलीला वर बोलावलं. एक बाटली डेअरीच्या फ्रिजमध्ये गेली, दुसरी आणि रसायनाच्या दोन्ही बाटल्या बर्फाच्या पेटीत घालून कंपनीच्या गाडीनं पुण्याच्या लॅबला. टँकर त्यांनी परतही पाठवला नाही आणि नेहमीच्या टाकीत उतरवलाही नाही. दूध एका बाजूच्या टाकीत वेगळं ठेवायला सांगितलं. माऊली पेटीकडं बघत म्हणाला, “म्हंजी पास का नापास?”

“म्हणजे थांबा,” मॅडम म्हणाल्या.

जाताना त्यांनी सायलीला केबिनमध्ये बोलावलं. “तुम्ही आज जे केलंत ते बरोबर केलंत. पण ते पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तुमच्या कायम होण्याच्या ऑर्डरचं मी आज काही सांगू शकत नाही. रिपोर्टात दूध खराब निघालं तर लोक म्हणणार, सुनेला आत बसवून एवढे महिने असंच चाललं. चांगलं निघालं तर विचारणार, मग गाडी अडवली कशाला. दोन्हीकडं तुमचंच नाव येतं. इंद्रजीतचं नाव कुठंच येत नाही, बघितलंत ना? त्यानं फक्त शिफ्ट बदलली.”

“आणि मंजुरी?” सायलीनं विचारलं.

“मंजुरी माझी आहे,” अनुपमा मॅडम म्हणाल्या, “तेच मला खुपतंय.”

शनिवारी पहाटे सायली फर्स्टला हजर झाली. सत्यजीत तिला गेटपर्यंत सोडायला आला, एरवी येत नसे. गेटजवळ म्हणाला, “आप्पा रात्री जेवले न्हाईत.” ते तक्रार म्हणून सांगितलं की काळजी म्हणून, हे त्याच्या चेहऱ्यावरून ठरवता आलं नाही. इंद्रजीत दोनला आला. मोबाइल पाण्यात पडला होता म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी कुठं होतात असं मॅडमनी विचारल्यावर त्यानं सांगितलं, बहिणीला, सारिकाला, दौंड स्टेशनवर घ्यायला गेलो होतो, गाडी लेट होती. सारिका खरंच आलेली आहे. वरवंडला तिला पाहिल्याचं शितलनं सांगितलं. ती शुक्रवारी आली की आदल्या दिवशी, हे शितलला माहीत नाही.

मारुतरावांनी सोमवारी नवा कॉम्प्रेसर बसवून घेतला. केंद्राचं दूध सध्या रोज येतं आणि रोज बाजूच्या टाकीत जातं. पुण्याच्या लॅबनं मंगळवारी संध्याकाळी कळवलं, की दुधाचा नमुना आणि रसायनाची एक बाटली तपासून झाली आहे. दुसरी बाटली पेटीत पोचली तेव्हा तिचं झाकण सैल होतं आणि आतलं निम्मं रसायन सांडलेलं होतं. तिच्याविषयी काही सांगता येईल का हे ते उद्या बघून कळवणार आहेत, आणि तोपर्यंत कोणताच निकाल देणार नाहीत.